दोन हजारांची जुनी थकबाकी

भोसरीतल्या एका मशीन दुरुस्ती करणाऱ्या संस्थेचे उदाहरण घेऊ. ती दर महिन्याला ग्राहक कंपनीला ईमेलने खातेउतारा पाठवते. त्यात थकलेली बिले वयानुसार लावलेली असतात: ३० दिवसांपर्यंतची, ६० पर्यंतची, ९० पर्यंतची आणि त्यापुढची. हा शेवटचा रकाना आधी पाहावा, घोळ बहुधा तिथेच असतो. तिथे २,००० रुपये दिसतात. मूळ बिल १,००,००० चे, १८ टक्के जीएसटी धरून १,१८,०००. कंपनीने जीएसटी वगळून २ टक्के टीडीएस कापला आणि १,१६,००० भरले. कपातीची नोंद संस्थेच्या वहीत झालीच नाही. आयकर पोर्टलवर कपात दिसते का ते तपासून नोंद करा, मगच उतारा पाठवा. वय बिलाच्या तारखेपासून मोजले की देय तारखेपासून, हेही ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.