वीस कलमांचा करार, चार ओळींत

पुण्या-मुंबईत भाड्याने घर घेताना आपल्यासमोर येतो तो लिव्ह अँड लायसन्सचा करार. एजंट ड्राफ्टची पीडीएफ पाठवतो, आपण नाव, पत्ता आणि भाड्याचा आकडा बघतो आणि अंगठा द्यायला तयार होतो. घर सोडताना मात्र भांडण होतं ते चार गोष्टींवरून: भाडं, डिपॉझिट, लॉक-इन आणि नोटीस. या चारही गोष्टी करारात असतात, पण क्वचितच एका जागी. कराराचा मुख्य भाग तयार साच्यातला असतो आणि मालक-भाडेकरूंमध्ये ऐनवेळी जे ठरतं ते शेवटी ‘इतर अटी’ म्हणून जोडलं जातं. त्यामुळे नियम पाचव्या पानावर आणि त्याला छेद देणारी अट नवव्या पानावर, असं सर्रास होतं.

म्हणूनच सही करण्याआधी कराराचा सारांश स्वतः लिहून काढावा. मात्र कलमं एकामागून एक आखूड करत गेलं तर विखुरलेलं तसंच विखुरलेलं राहतं. एक मुद्दा धरायचा, त्यासाठी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळा करार वाचायचा, जिथे जिथे त्याचा उल्लेख येईल ते सगळं एका ओळीत आणायचं आणि पुढे कलमाचा क्रमांक टाकायचा. असं चार वेळा करायचं.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधला एक फ्लॅट, मुदत 22 महिने, 1 जून 2025 ते 31 मार्च 2027. कलम 2 म्हणतं, लायसन्स फी पहिल्या 11 महिन्यांसाठी दरमहा 24,000 रुपये, नंतर त्यात 5 टक्के वाढ, दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत आगाऊ देय. कलम 5 म्हणतं, सोसायटीचा मेंटेनन्स मालक भरेल, वीजबिल भाडेकरू. सारांशात ‘5 टक्के वाढ’ हे शब्द तसेच उतरवून उपयोग नाही. तिथे लिहायचं: ‘30 एप्रिल 2026 पर्यंत 24,000, 1 मे 2026 पासून 25,200.’ टक्क्यांची रक्कम करायची आणि महिन्यांची तारीख करायची. एवढं केलं तरी अर्ध्या शंका मिटतात, कारण तारीख लिहायला बसलं की कुठून मोजायचं हे ठरवावंच लागतं.

डिपॉझिटसाठी कलम 3 सापडतं: 75,000 रुपये, बिनव्याजी, ताबा परत देताना थकबाकी वजा करून परत. इथे थांबलो तर सारांश चुकला. कारण कलम 19, म्हणजे ‘इतर अटीं’मधली एक ओळ, सांगते की घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल. करार पूर्ण मुदत चालला तर शेवटचं भाडं 25,200 असेल. म्हणजे काहीही मोडतोड नसताना, एक रुपयाही थकबाकी नसताना हातात येणार 49,800. डिपॉझिटच्या ओळीत 75,000 च्या शेजारी हा आकडा यायलाच हवा. पैसे नेमके कोणत्या दिवशी मिळतील, हेही शोधायचं. ‘ताबा देतेवेळी’ म्हणजे चावी देतानाच. पण बऱ्याच करारांत नुसतं ‘परत केलं जाईल’ असतं. तसं असेल तर सारांशात ‘तारीख नमूद नाही’ असं लिहावं. एजंट तोंडी जे सांगतो ते त्या रिकाम्या जागेत भरू नये. करारात जे नाही ते सारांशातही ‘नाही’ म्हणूनच दिसलं पाहिजे.

खरी गुंतागुंत लॉक-इन आणि नोटीस यांची. आपल्या उदाहरणात कलम 12 मुख्य साच्यातलं आहे: दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. कलम 18 शेवटी जोडलेलं आहे: ‘भाडेकरू पहिले सहा महिने जागा सोडणार नाही, सोडल्यास उरलेल्या काळाचं भाडं देईल. त्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन जागा सोडता येईल.’ दोन्ही एकत्र वाचली की दोन गोष्टी दिसतात.

पहिली, लॉक-इनने भाडेकरू बांधला गेला आहे, मालक नाही. कलम 18 मध्ये मालकाचं नावच नाही, म्हणून त्याला कलम 12 लागू राहतं. तो तिसऱ्या महिन्यातही नोटीस देऊ शकतो. भाडेकरूने मात्र 30 सप्टेंबरला घर सोडलं तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे 48,000 त्याच्यावर येतात. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. न्यायालय तेवढ्यात वाजवी वाटेल तितकीच भरपाई देतं. पण व्यवहारात डिपॉझिट मालकाकडे असतं आणि एवढ्या रकमेसाठी कोर्टात जाणारे थोडेच. म्हणून लॉक-इनच्या ओळीत नुसते ‘सहा महिने’ लिहून भागत नाही. कोणावर बंधन, कोणत्या तारखेपर्यंत, मोडलं तर किती, हे तिन्ही हवं.

दुसरी गोष्ट ‘त्यानंतर’ या शब्दाची. लॉक-इन 30 नोव्हेंबरला संपतो. नोटीस संपल्यानंतरच द्यायची असेल तर ती 1 डिसेंबरला जाईल आणि घर डिसेंबरअखेर सुटेल. लॉक-इन चालू असताना दिलेली नोटीस चालत असेल तर ऑक्टोबरअखेर नोटीस देऊन 30 नोव्हेंबरला बाहेर पडता येईल. फरक एका महिन्याच्या भाड्याचा, 24,000 रुपयांचा. वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. मालक पहिला अर्थ लावेल, भाडेकरू दुसरा. सारांश लिहिणाऱ्याने इथे स्वतः निकाल देऊ नये. दोन्ही तारखा लिहाव्यात आणि पुढे ‘विचारणे’ अशी खूण करावी.

मुदत पूर्ण होताना नोटीस लागते का, हाही प्रश्न नेहमी येतो. 31 मार्च 2027 ला मुदत संपली की लायसन्स आपोआप संपतं. नवा करार न करता तिथेच राहिलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आणि नवा करार केला तर त्यात लॉक-इनची अट परत आली आहे का ते बघावं. जुन्या ड्राफ्टवर फक्त तारखा बदललेल्या असतील तर दोन वर्षं राहिलेला भाडेकरू पुन्हा सहा महिन्यांसाठी अडकतो.

हा सारांश म्हणजे करार नव्हे. वाद झाला तर नोंदणी झालेला मूळ मजकूरच बघितला जातो. म्हणून ‘विचारणे’ची खूण केलेल्या जागा नोंदणीआधी, ड्राफ्ट बदलता येतो तोवरच मिटवायच्या. आपल्या उदाहरणात मालकाशी बोलणं झालं असं धरू. कलम 18 असं बदलतं: ‘30 नोव्हेंबर 2025 पर्यंत दोन्ही पक्षांपैकी कोणीही करार संपवणार नाही. भाडेकरूने त्याआधी जागा सोडल्यास तो उरलेल्या काळाचं भाडं देईल. एक महिन्याची लेखी नोटीस या काळातही देता येईल, मात्र ती 30 नोव्हेंबर 2025 च्या आधी पूर्ण होता कामा नये.’ कलम 12 च्या सुरुवातीला ‘कलम 18 च्या अधीन राहून’ एवढे शब्द जोडले जातात. मग सारांशाच्या शेवटच्या दोन ओळी अशा होतात:

लॉक-इन: 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत, दोघांवर. भाडेकरूने मोडल्यास उरलेल्या महिन्यांचं भाडं, मालकाने मोडल्यास काय ते नमूद नाही. कलम 18.

नोटीस: एक महिना, लेखी, दोघांनाही. लवकरात लवकर 31 ऑक्टोबर 2025 ला देऊन 30 नोव्हेंबर 2025 ला ताबा. कलम 12 व 18.

त्यातलं ‘नमूद नाही’ अजून उरलं आहे. मालकाने लॉक-इनमध्येच घर रिकामं करायला सांगितलं तर तो सामान हलवण्याचा आणि नव्या एजंटच्या दलालीचा खर्च देईल का, हे त्याच दिवशी त्याला विचारून घ्यावं आणि उत्तर काहीही असलं तरी ते कलम 18 मध्ये लिहून घ्यावं.