गिधाडांविना दोखमा
अखेरचा निरोप : लेखांक ६

मागच्या लेखात आपण लाकडाची चिता आणि विद्युतदाहिनी यांचा विचार केला. आज मुंबईतल्याच, पण बाहेरच्या माणसाने कधीच न पाहिलेल्या एका रीतीकडे वळू. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांच्यावर वरळीच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, की पारशी तर दहन करत नाहीत, मग हे कसं? त्याच्या दोन वर्षं आधी सायरस मिस्त्री यांनाही वरळीतच निरोप दिला गेला होता. आपला प्रिय माणूस कुठे न्यायचा, हा प्रश्न आज मुंबईतल्या कितीतरी पारशी घरांत मृत्यूनंतर काही तासांत सोडवावा लागतो. तो प्रश्न उभा राहिला जनावरांच्या एका औषधामुळे.

जरथुष्ट्री धर्मात अग्नी, पाणी आणि माती पवित्र. मृतदेहाचा स्पर्श त्यांना होता कामा नये. म्हणून देह जाळायचा नाही, बुडवायचा नाही, पुरायचाही नाही. तो उघड्यावर ठेवून पक्ष्यांच्या स्वाधीन करायचा. याला म्हणतात दोखमेनशिनी. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, दाट झाडीत, यासाठीचे दोखमे सतराव्या शतकापासून उभे आहेत. तिथल्या बंगलीत देहाला स्नान घातलं जातं, कुत्र्याला देहाचं दर्शन देण्याचा 'सगदीद' विधी होतो, दस्तूर गाथा म्हणतात. मग पांढऱ्या कपड्यांतले नातलग दोघादोघांच्या जोडीने, मधे रुमाल धरून मागे चालतात. दोखम्याच्या आत मात्र जातात फक्त नसेसालार, म्हणजे देह वाहणारे सेवक.

आतली रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. उंच गोल भिंत, वर छप्पर नाही. आत दगडी फरशी, मध्याकडे किंचित उतरती. तिच्यावर देह ठेवण्यासाठी उथळ खळगे, ज्यांना 'पावी' म्हणतात, तीन वर्तुळांत कोरलेले : बाहेरचं पुरुषांसाठी, मधलं स्त्रियांसाठी, आतलं मुलांसाठी. मध्यभागी 'भंडार' नावाची खोल विहीर. पक्ष्यांनी मांस संपवलं, की उरलेली हाडं उन्हात सुकतात आणि भंडारात ढकलली जातात. पावसाचं पाणी तिथून मोऱ्यांवाटे कोळसा आणि वालुकाश्म यांच्या थरांतून गाळून मगच जमिनीत मुरतं. म्हणजे माती आणि पाणी विटाळू नये, या श्रद्धेतून सांडपाणी शुद्ध करण्याची पक्की व्यवस्था उभी राहिली. लाकूड लागत नाही, जागा अडत नाही, श्रीमंत-गरीब एकाच फरशीवर. मात्र हे सगळं एका अटीवर चालतं : देह लवकर संपला पाहिजे. गिधाडांचा थवा काही तासांत देह संपवतो. कावळे आणि घारींच्या आवाक्यातलं हे काम नाही.

आणि गिधाडंच गेली. १९९०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना झाडांवर माना टाकून बसलेली, मरून पडलेली गिधाडं दिसू लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. रोगाचा संशय होता, पण विषाणू काही सापडेना. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या अभ्यासातून कारण कळलं : डायक्लोफेनॅक. ताप किंवा सूज आलेल्या गाई-बैलांना हे स्वस्त वेदनाशामक टोचलं जाई. जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं, तर औषधाचा अंश त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडात शिल्लक राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात युरिक आम्ल साठतं आणि हृदय-यकृतावर त्याचे खडूसारखे पांढरे थर चढतात. पक्षी काही दिवसांत मरतो.

एवढ्याने सगळी जात कशी संपेल? एका मेलेल्या बैलावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो, त्यामुळे शंभरातलं एखादं शव विषारी असलं, तरी तेवढं पुरतं. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षं लागतात. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. २०१५ मध्ये इंजेक्शनच्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. तरीही एसिक्लोफेनॅक, जे गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं, त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं.

डुंगरवाडीत गिधाडांच्या अभावावर तोड म्हणून २००१च्या सुमारास सौर परावर्तक बसवले गेले. आरसे ऊन एकवटून देहावर टाकतात. त्याने देह सुकतो, पण संपत नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ऊनच नसतं. २००६ मध्ये आतल्या न विरलेल्या देहांची छायाचित्रं बाहेर आली आणि समाज हादरला. परावर्तकांवर परंपरावाद्यांचा आक्षेप वेगळाच होता : ही तर आडवाटेने दहनक्रियाच झाली. मग मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात गिधाडं पाळण्याची योजना पुढे आली. तिच्या मुळाशीच अडचण होती. शेवटच्या आजारात माणसालाही हेच वेदनाशामक दिलं जातं. म्हणजे प्रत्येक मृतदेह औषधमुक्त असल्याची खात्री डॉक्टरांनी द्यायला हवी. एक चूक झाली, तरी पिंजऱ्यातला थवा गेला. योजना कागदावरच राहिली.

दरम्यान बऱ्याच कुटुंबांनी दहन निवडलं. पण दहन करणाऱ्यांच्या प्रार्थना डुंगरवाडीच्या बंगल्यांत होऊ देत नसत. अशा प्रार्थना म्हणणाऱ्या दोन धर्मगुरूंना तिथे बंदी घातली गेली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली. अखेर २०१५ मध्ये वरळीच्या महापालिकेच्या स्मशानभूमीत सर्वधर्मीय प्रार्थनागृह सुरू झालं. दाहिनीजवळच पारशी विधी होऊ लागले.

मग कोविड आला. कोविडने मृत्यू झालेल्यांसाठी सरकारी नियमावलीत दोनच वाटा होत्या, दहन किंवा दफन. उघड्यावर ठेवलेल्या देहातून संसर्ग पसरेल, ही भीती त्यामागे होती. सुरतच्या पारशी पंचायतीने गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २०२१ मध्ये याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयात फली नरिमन यांनी बाजू मांडली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकार व पंचायत यांच्यात तोडगा निघाला. दोखमेनशिनीला परवानगी मिळाली. तिची मुख्य अट होती, दोखम्यावर धातूची जाळी, म्हणजे पक्षी आत उतरणार नाहीत.

या अटीपाशी थांबून विचार करायला हवा. जी रीत पक्ष्यांवर उभी आहे, ती पक्ष्यांना बाहेर ठेवून न्यायालयात जिंकता आली, कारण प्रत्यक्षात ती आधीच उन्हावर चालली होती. राज्यघटनेचं २५वं कलम धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं. गिधाड देऊ शकत नाही. २०११च्या जनगणनेत अवघ्या ५७,२६४ भरलेल्या समाजाचा अंत्यविधी कुठल्यातरी खेड्यात बैलाला कोणतं इंजेक्शन टोचलं जातं, यावर ठरतो. म्हणून डुंगरवाडीचा खरा खटला औषधनियंत्रकाच्या दारात आहे, असं मला वाटतं. पशुवैद्यकीय वेदनाशामक बाजारात येण्याआधीच त्याची गिधाडांवरची सुरक्षितता तपासण्याची सक्ती हवी. आजवर एकेक औषध थवे मेल्यानंतर बंद होत आलं आहे, आणि तेवढ्या वेळात पारशी घरांतली एक पिढी तिला हवा तसा निरोप न मिळता गेली आहे.

पुढच्या आठवड्यात : मुंबईतल्या दफनभूमी आणि अपुरी पडणारी जमीन.