स्थिर पानाचा खर्च

फोनच्या खोक्यावर ‘१२० हर्ट्झ’ असं ठळक छापलेलं असतं. म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला १२० वेळा नव्याने उमटतं. आधीच्या बहुतेक फोनमध्ये ते ६० वेळा उमटायचं. यादी बोटाने सरकवली की फरक लगेच कळतो, अक्षरं बोटाच्या मागे रेंगाळत नाहीत. पण सरकवणं थांबवून तुम्ही बातमी वाचू लागलात, तर? पान जागचं हलत नाही, तरी १२०वर अडकवलेली स्क्रीन तेच पान सेकंदाला १२० वेळा पुन्हा रंगवत राहते. बॅटरी वाया जाते ती इथे.

यावरचा उपाय म्हणजे अ‍ॅडाप्टिव्ह मोड. हालचाल असेल तेव्हा वेग वाढवायचा, नसेल तेव्हा उतरवायचा. उतरवायचा कितीपर्यंत, हे मात्र फोनागणिक बदलतं आणि सगळा हिशेब त्यावरच ठरतो.

समजा, तुम्ही दहा मिनिटं लेख वाचताय आणि दर वीस सेकंदांनी पान सरकवताय. बोट उचलल्यावरही स्क्रीन क्षणभर वेगातच राहते, म्हणून दर वेळी दोन सेकंद धरू. वेग कायम १२० असेल, तर दहा मिनिटांत स्क्रीन ७२ हजार वेळा रंगते. कायम ६० असेल, तर ३६ हजार वेळा. अ‍ॅडाप्टिव्ह मोड १० हर्ट्झपर्यंत उतरू शकत असेल, तर सरकवण्याच्या एका मिनिटात ७,२०० आणि उरलेल्या नऊ मिनिटांत ५,४००, म्हणजे एकूण १२,६००. गुळगुळीतपणा १२०चा आणि रंगवणं ६०च्या जवळपास एक तृतीयांश! पण तोच मोड ६०च्या खाली उतरू शकत नसेल, तर आकडा ३९,६०० होतो. कायम १२०पेक्षा हे खूपच बरं, पण कायम ६०पेक्षा थोडं जास्तच.

काही स्क्रीन खाली का उतरू शकत नाहीत? प्रत्येक ठिपक्याची उजळी ठरवणारा विद्युतभार एका सूक्ष्म ट्रान्झिस्टरच्या आडोशाला साठवलेला असतो. नेहमीच्या सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर गळक्या घागरीसारखा असतो. भार हळूहळू झिरपतो, उजळी बदलू लागते, म्हणून वारंवार भरावं लागतं. ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर फारच कमी गळतो. एलटीपीओ स्क्रीनमध्ये दोन्ही प्रकार एकत्र वापरतात, म्हणून तीत चित्र जास्त वेळ टिकतं. २०२१च्या आयफोन १३ प्रोची स्क्रीन १० हर्ट्झपर्यंत उतरायची. पुढच्या वर्षीचा १४ प्रो १ हर्ट्झपर्यंत उतरू लागला, आणि त्याच वर्षी आयफोनवर सतत चालू राहणारी लॉकस्क्रीन आली.

तेव्हा फोन घेताना ‘१२०’पेक्षा ‘१ ते १२०’ किंवा ‘एलटीपीओ’ हे शब्द शोधावेत. हातातला अँड्रॉइड फोन तपासायचा असेल, तर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून Developer options उघडा आणि त्यातलं Show refresh rate चालू करा. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसू लागेल. बोट उचलून काही सेकंद थांबा. आकडा १२०वरून हललाच नाही, तर अ‍ॅडाप्टिव्ह मोड बंद आहे किंवा ते अ‍ॅप त्याला खाली येऊ देत नाही. काही फोनवर हा आकडा स्क्रीनचे सगळ्यात खालचे टप्पे दाखवत नाही, म्हणून ६० दिसलं की लगेच निराश होऊ नये.

वाचन, चॅटिंग, बँकेची कामं यांत अ‍ॅडाप्टिव्हच ठेवावा. सिनेमालाही तो बरा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२०ला २४ने नेमका भाग जातो, ६०ला जात नाही, म्हणून ६०वर काही दृश्यं किंचित अडखळतात. सतत पळणाऱ्या गेममध्ये मात्र वेग उतरायला उसंतच मिळत नाही, तिथे हा मोड काहीच वाचवत नाही. शिवाय गेम स्वतःच ६० चित्रं देत असेल, तर १२०वर तेच चित्र दोनदा उमटतं. तिथे सरळ ६० लावावं. बॅटरी संपत आली असतानाही तेच. आयफोनचा लो पॉवर मोड आपणहून ६०ची मर्यादा घालतो.

भर उन्हात हा सगळा हिशेब फिका पडतो. पूर्ण उजळीवर स्क्रीनचा प्रकाशच इतकी वीज खातो, की बॅटरीला खरा हातभार उजळी कमी केल्यानेच लागतो.

अंधारात वेगळीच अडचण येते. वेग बदलला की मंद उजळीत रंगछटा किंचित हलते, विशेषतः करड्या रंगावर, आणि स्क्रीन लुकलुकल्यासारखी वाटते. २०१९चा पिक्सेल ४ बाजारात आला तेव्हा उजळी ७५ टक्क्यांखाली गेली की बहुतेक वेळा ९० हर्ट्झवरून ६०वर यायचा, आणि ग्राहक वैतागले होते. रात्री अंथरुणात वाचताना अशी लुकलुक जाणवत असेल, तर तेवढ्यापुरता वेग ६०वर अडकवून ठेवावा.