आकडा बरोबर, यादी चुकीची

नववीतल्या एका मुलीने पहिल्या सत्रात, म्हणजे जून ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, शाळेच्या आवारात दिसलेल्या प्राण्यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि प्रकल्पवहीत त्यांची यादी केली. खारी, साळुंक्या, मैदानाच्या कडेचे कुत्रे हे सगळे त्यात आहेच. माझी नजर अडकली ती फुलपाखरांच्या पानावर.

तिथे तीन फोटो आहेत. पहिल्यात कुंपणाजवळच्या रुईवर बसलेलं केशरी फुलपाखरू, पंखांची टोकं काळी-पांढरी. दुसऱ्यात जवळपास तसंच फुलपाखरू, पण हातपंपाशेजारी उगवलेल्या घोळीवर. तिसऱ्यात काळंभोर, पंखांवर निळसर-जांभळ्या कडांचे मोठे पांढरे ठिपके असलेलं. मुलीने केशरी दोन्ही एका जातीत टाकली, काळं वेगळं धरलं. एकूण जाती दोन.

जाती दोनच आहेत, पण जोड्या चुकल्या आहेत. रुईवरचं प्लेन टायगर. त्याच्या अळ्या रुईची पानं खातात, रुईचं विष अंगात साठवतात आणि म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. घोळीवरची मादी आहे डॅनेड एगफ्लायची. तिच्यात विष नाही, नुसता वेश प्लेन टायगरचा. या सोंगात नर नाही. तिसऱ्या फोटोतला काळा, तोच तिचा नर!

हे ओळखायचं कसं? मागचा पंख नीट दिसला पाहिजे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला ते नसतात. तिला वरच्या कडेशी एकच ठिपका असतो. दुसरी खूण म्हणजे झाड. फुलातला रस प्यायला फुलपाखरू कुठेही बसेल, पण अंडी घालायला ते अळीच्या खाण्याचंच झाड शोधतं. दुसऱ्या फोटोत मादीने पोट वाकवून घोळीच्या पानाला टेकवलेलं आहे. घोळ हे एगफ्लायच्या अळीचं खाद्य, प्लेन टायगरच्या नव्हे. सुदैवाने मुलीने फोटोखाली 'घोळ' असं लिहून ठेवलं होतं. भाजी ओळखीची होती म्हणून हे जमलं, असं ती म्हणाली.

सरड्याच्या बाबतीत चूक उलटी झाली. विणीच्या काळातला लाल गळ्याचा नर आणि ऑक्टोबरमधला मातकट सरडा या तिच्या लेखी दोन जाती होत्या. प्रत्यक्षात दोन्ही आपला बागेतला साधा सरडाच.

या यादीला एक मर्यादा आहेच. फोटो सगळे मधल्या सुट्टीतले. त्यामुळे वटवाघूळ, घुबड यांची नावं नाहीत. ते आवारात येतच नाहीत, असा अर्थ मात्र त्यातून काढता येत नाही.

असा प्रकल्प तुमच्या घरी कोणी करत असेल तर फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा करू नका. तिथून साधा फोटो म्हणून पाठवला की काढल्याची मूळ तारीख फोटोसोबत येत नाही. मूळ फोटो जपा, आणि त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, जागा अन् झाडाचं नाव लिहा.