घरंगळताना एक तृतीयांश कुठे जातो?

दोन मीटर लांबीची एक फळी घ्या आणि तिचं एक टोक 20 सेंटिमीटर उचला. वरच्या टोकापासून एक ठोकळा सोडला आणि फळी अगदी घर्षणरहित आहे असं धरलं, तर तो जेमतेम 2.02 सेकंदांत खाली पोचेल. त्याच उतारावर, जराही न घसरता घरंगळणारा भरीव लोखंडी दंडगोल 2.47 सेकंद घेईल. पोकळ नळीला तर 2.86 सेकंद लागतील. उतार तोच, गुरुत्वाकर्षण तेच. दंडगोल एक किलोचा असो की दहा किलोचा, बारीक असो की जाडजूड, वेळेत फरक पडत नाही.

मग दंडगोल मागे का पडतो? ‘घर्षणानं अडवलं’ हे तोंडावर येणारं उत्तर. ते निम्मं खरं आहे, पण त्यातून लोक जो अर्थ काढतात तो चुकीचा आहे. घर्षण म्हटलं की झीज, उष्णता, वाया गेलेली ऊर्जा असं डोळ्यांपुढे येतं. न घसरता घरंगळणाऱ्या दंडगोलाच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच घडत नाही.

धावत्या सायकलचा बाजूनं काढलेला फोटो नीट पाहिला, तर चाकाच्या वरच्या बाजूच्या तारा पुसट दिसतात आणि जमिनीजवळच्या बऱ्याच स्पष्ट. चाकाचा मध्य ज्या वेगानं पुढे जातो, त्याच्या दुप्पट वेगानं चाकाचा माथा जातो, आणि जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी चक्क थांबलेला असतो. दंडगोलाचंही तसंच. फळीला टेकलेला भाग फळीवर घासतच नाही, त्यामुळे तिथलं घर्षण स्थितिक असतं. ते बल लावतं, पण ऊर्जा खात नाही.

ऊर्जा हरवत नाही तर जाते कुठे? फिरण्यात. ठोकळ्याला फक्त पुढे जायचं असतं. दंडगोलाला पुढे जायचं असतं आणि स्वतःभोवती गिरकीही घ्यायची असते, आणि दोन्हींचा खर्च उंचीतून मिळालेल्या एकाच ऊर्जेतून भागवायचा असतो. भरीव दंडगोलात ही वाटणी ठरलेली आहे: दोन वाटे पुढे जाण्याला, एक वाटा फिरण्याला. वरच्या उदाहरणात ठोकळा तळाशी सेकंदाला 1.98 मीटर वेगानं पोचतो आणि दंडगोल 1.62 मीटर वेगानं. कमी पडलेला वेग गिरकीच्या रूपात शाबूत असतो.

दोनास एक हे प्रमाण कसं येतं, ते एक किलोच्या दंडगोलाचा हिशोब मांडला की उलगडतं. उताराच्या दिशेनं गुरुत्वाकर्षण त्याला 0.98 न्यूटन बलानं ओढतं. घर्षण उताराच्या वरच्या दिशेनं खेचतं. हे एकच बल एकाच वेळी दोन कामं करतं: मध्याला पुढे जायला रोखतं आणि दंडगोलाला फिरवतं. आता फिरवायचं आहे किती? भरीव दंडगोलाचा काही भाग आसाजवळ असतो आणि तो हळू फिरतो. कडेचा भाग वेगात फिरतो. सगळं मिळून पाहिलं तर त्याला फिरवणं म्हणजे जणू अर्धा किलो वस्तुमान थेट कडेवर ठेवून फिरवणं. म्हणजे ओढणाऱ्या बलाला एक किलो पुढे ढकलायचा असतो आणि घर्षणामार्फत आणखी अर्धा किलो फिरवायचा असतो. दीड किलोचं ओझं आणि बल एका किलोपुरतं, म्हणून त्वरण दोन तृतीयांश. 0.98 न्यूटनपैकी 0.33 न्यूटन घर्षण परतवतं आणि 0.65 न्यूटन मध्याला पुढे नेण्यासाठी उरतं.

नळीचं सगळं वस्तुमान कडेवरच असतं. तिच्यासाठी ओझं दुप्पट, त्वरण निम्मं.

पाण्यानं गच्च भरलेला डबा आणि तेच पाणी गोठवून बर्फ केलेला तसलाच डबा एकत्र सोडले, तर पाण्याचा डबा पुढे जातो. डब्याचा पत्रा फिरतो, पण आतलं पातळ पाणी सुरुवातीला त्याच्याबरोबर फारसं फिरतच नाही; ते ठोकळ्यासारखं नुसतं पुढे वाहून नेलं जातं. बर्फाला मात्र पत्र्याबरोबर फिरावंच लागतं.

इथपर्यंत ठोकळा जिंकतो. पण पाठ्यपुस्तकातला हा निकाल एका अटीवर उभा आहे, आणि ती अट बहुतेक जण विसरतात: ठोकळ्याला घर्षण नको. फळी आणि ठोकळा यांच्यातला घर्षणांक 0.3 असेल, तर 20 सेंटिमीटर उचललेल्या फळीवर ठोकळा जागचा हलणारच नाही. तो हलण्यासाठी टोक सुमारे 57 सेंटिमीटर वर न्यावं लागेल, म्हणजे साधारण 17 अंशांचा उतार. तोवर दंडगोल केव्हाच खाली पोचलेला असतो.

उतार आणखी वाढवत नेला की ठोकळा अंतर कमी करत जातो. 0.3 घर्षणांकाला बरोबरीचा क्षण 42 अंशांच्या आसपास येतो, आणि नेमक्या त्याच कोनावर दंडगोलाची पकड सुटते. हा योगायोग नाही. दंडगोल फिरता ठेवण्यासाठी जितकं घर्षण हवं, तितकं देणं त्या पृष्ठभागाला यापुढे जमत नाही. मग दंडगोलही घासत खाली येऊ लागतो आणि दोघांनाही सारखंच घर्षण मागे खेचतं. थोडक्यात, दोघांसाठी घर्षणांक सारखा धरला, तर ठोकळा दंडगोलाला कुठल्याही उतारावर मागे टाकू शकत नाही. फार तर बरोबरी.

दंडगोल घसरतोय की घरंगळतोय, हे नुसतं बघून कळत नाही. त्याच्या एका टोकावर खडूनं रेघ मारावी. 10 सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल न घसरता एका फेरीत 31.4 सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे दोन मीटरच्या फळीवर साधारण 6.4 फेऱ्या. रेघ कमी फेऱ्या घेऊन तळाला पोचली, तर वाटेत पकड सुटली होती.

या सगळ्याची सर्वांत प्रसिद्ध फळी गॅलिलिओची. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईचं वर्णन आहे. तिच्यात कोरलेला सरळ चर, चराला लावलेला गुळगुळीत चर्मपत्राचा थर, त्यातून घरंगळणारा कठीण, गोल कांस्याचा गोळा, आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं गळणारं पाणी. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यानं यावर दाखवलं. गोळा फिरत होता याचा त्या निष्कर्षाला धक्का लागला नाही, कारण फिरण्यामुळे त्वरण ठरावीक पटीनं कमी होतं आणि प्रमाण तेच राहतं. फिरणाऱ्या वस्तूंचं गणित पुढे अठराव्या शतकात ऑयलरनं रीतसर मांडलं.

भरीव गोळ्यासाठी ती पट पाच सप्तमांश आहे. त्यामुळे या तुळईवरच्या मोजमापांतून, गोळा नुसता घसरतो आहे असं समजून कोणी गुरुत्वत्वरण काढलं असतं, तर 9.8 ऐवजी 7 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकंच हाती आलं असतं. गोळा चराच्या तळाऐवजी दोन्ही कडांवर टेकून घरंगळत असेल, तर त्याहूनही कमी.