हप्ता दाजींचा, कर्ज मेहुण्याचं

दाजींचा सिबिल स्कोअर ६१०, मेहुण्याचा ७८०. दुकानासाठी पाच लाख हवेत. मग ठरतं, "तुझ्या नावावर काढ, हप्ता मी भरतो." बारा टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ११,१२२ रुपये येतो. पण घरातला हा ठराव बँकेला माहीत नसतो. तिच्या लेखी कर्जदार एकटा मेहुणाच.

दाजींनी एखादा हप्ता चुकवला की डाग मेहुण्याच्या स्कोअरवर पडतो. नव्वद दिवसांहून जास्त थकलं की खातं बुडीत वर्गात जातं आणि वसुलीवाले त्याच्याच दारात येतात. खरं तर हप्ते वेळेवर गेले तरी त्याचं नुकसान आहेच. उद्या तो गृहकर्ज मागायला गेला, की बँक हे ११,१२२ रुपये त्याच्या हप्ता भरण्याच्या ऐपतीतून वजा करते. साडेआठ टक्के दराच्या वीस वर्षांच्या कर्जात त्याची पात्रता त्यामुळे सुमारे पावणेतेरा लाखांनी घटू शकते. हे बहुतेकांना फ्लॅटचं टोकन दिल्यावर कळतं!

दाजीही सुटत नाहीत. पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरूनही त्यांचा स्कोअर या कर्जामुळे तसूभर वाढत नाही. त्याच पैशातून टेम्पो मेहुण्याच्या नावावर घेतला असेल, तर कागदोपत्री मालकही मेहुणाच.

तरीही द्यायचंच असेल, तर हप्ता दाजींच्या खात्यातून मेहुण्याच्या खात्यात बँकेमार्फतच जाऊ द्या आणि व्यवहार स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या. मात्र बँक त्या कागदाला बांधील नसते.