पापुद्रे काढा, रेषा राहू द्या

जानेवारीतला नाशिकचा साखरपुडा. सकाळच्या कोवळ्या उन्हात मुलीचा जवळून घेतलेला फोटो छान आलाय, डोळे बोलके आहेत, फक्त ओठ उललेले आहेत. खालच्या ओठाच्या मधोमध एक भेग आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुटलेले पांढरे पापुद्रे. मुलीची आई फोटोग्राफरला म्हणते, “दादा, ओठ तेवढे गुळगुळीत करून द्या हो.” दादांनी हे अक्षरशः मनावर घेतलं की काम बिघडतं. अल्बममध्ये मुलीच्या तोंडावर गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी चिकटवल्यासारखी दिसते आणि नेमकं काय खटकतंय, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

खटकतं ते रेषा गेल्यामुळे. ओठांची त्वचा गालाच्या त्वचेपेक्षा वेगळी असते. तिचा वरचा थर फार पातळ असतो, तिच्यावर केस नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात आणि तैलग्रंथीही जवळजवळ नसतात. म्हणून थंड, कोरड्या हवेत ती लवकर सुकते. पण निरोगी, ओलसर ओठांवरही बारीक खाचा असतातच. त्यांची ठेवण माणसागणिक इतकी वेगळी असते की न्यायवैद्यकात ओठांच्या ठशांचा अभ्यास होतो. जपानच्या सुझुकी आणि त्सुचिहाशी यांनी या खाचांचं केलेलं वर्गीकरण १९७० पासून वापरात आहे. गाल थोडा गुळगुळीत झाला तर तो ‘मेकअप असेल’ म्हणून खपतो. ओठ मात्र सपाट झाला की तो ओठच वाटत नाही.

त्यामुळे हत्यार हातात घेण्याआधी फोटो मोठा करून पाहायचा आणि काय घालवायचं, काय ठेवायचं हे ठरवायचं. यासाठी दिशा उपयोगी पडते. नैसर्गिक रेषा ओठाच्या आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे जातात, मध्यभागी जवळपास उभ्या आणि कोपऱ्यांकडे तिरक्या होत. त्या मऊ असतात, कडेला हळूहळू विरतात. पापुद्रा या दिशेला जुमानत नाही. तो आडवातिडवा असतो, त्याची कड तीक्ष्ण असते, ती उजेड पकडून पांढरी चमकते आणि तिच्याखाली बारीक सावली पडते. भेग मात्र फसवी. ती बहुतेकदा एखाद्या नैसर्गिक रेषेतूनच उकललेली असते, म्हणून दिशा तीच, पण ती शेजारच्या रेषांपेक्षा गडद, रुंद आणि आतून लालसर असते. थोडक्यात, पापुद्रा काढून टाकायचा आणि भेगेची पुन्हा रेषा करायची. ही दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं काम फोटोशॉपमधल्या Healing Brush ने होतं. मूळ चित्राला हात न लावता वर एक रिकामा लेअर घ्यायचा आणि ब्रशच्या पट्टीत Sample समोर Current & Below निवडायचं. २४ मेगापिक्सेलच्या अशा जवळच्या फोटोत ओठांची रुंदी साधारण ७०० पिक्सेल भरते आणि एकेक रेषा तीन-चार पिक्सेलची असते. ब्रश पापुद्र्याहून जरासाच मोठा, दहा-बारा पिक्सेलचा पुरतो. Alt दाबून त्याच ओठाच्या निरोगी भागावर क्लिक करायचं, शक्यतो अशा जागी जिथे रेषांचा कल तोच आहे. डाव्या कोपऱ्याची रेष मध्यभागी आणून बसवली तर ती तिरकी पडते आणि लगेच ओळखू येते. मग ब्रश रेषांच्या दिशेने, छोट्या फटकाऱ्यांत चालवायचा. आडवा हात फिरवला की रेषा मध्येच तुटतात. उचलण्याची जागाही बदलत राहायची, नाहीतर एकच खाच तीन ठिकाणी उमटते.

या ब्रशची एक खोड आहे. तो पोत एका जागेवरून उचलतो, पण रंग आणि उजेड फटकाऱ्याच्या आजूबाजूला असेल तो घेतो. त्यामुळे ओठाच्या कडेला, दातांजवळ किंवा कोपऱ्यात तो वापरला की हनुवटीचा नाहीतर दातांचा रंग ओठात झिरपतो आणि कड मळकट होते. तिथे Clone Stamp घ्यावा, कारण तो जसंच्या तसं उचलून ठेवतो.

दुसरं काम अधिक नाजूक आहे. भेग पूर्ण बुजवली तर दोन रेषांच्या मध्ये एक कोरी पट्टी उरते. म्हणून Clone Stamp चा Mode बदलून Lighten करायचा आणि Opacity २०-३० टक्क्यांवर आणायची. आता उचललेल्या भागाहून जे गडद असेल तेवढंच उजळतं, बाकीचं जागचं हलत नाही. दोन-तीनदा हलका हात फिरवून भेग शेजारच्या रेषेइतकी गडद राहिली की थांबायचं. उरलेला पांढुरका डाग याउलट Darken ने उतरतो. पूर्वीचे स्टुडिओवाले हेच निगेटिव्हवर करत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने भरलं की छापील फोटोत ती जागा उजळे आणि धारदार पातं हलकेच खरवडलं की ती गडद होई. गिंपसारख्या मोफत प्रोग्राममध्येही Heal आणि Clone ही हत्यारं आहेत, तिथे मोडची नावं Lighten only आणि Darken only अशी दिसतात.

भेगेतला लालपणा तरीही राहिला, तर नवा लेअर Color मोडवर ठेवून ओठाचाच रंग पंधरा-वीस टक्के फिरवावा. त्याने रंग जुळतो आणि पोत तसाच राहतो. खालच्या ओठावरची चमक मात्र पुसू नये. कोरड्या ओठावर ती तुकड्यातुकड्यांत फुटलेली असते. पापुद्रे गेले की ती बरीचशी आपोआप सलग होते आणि त्यातच ओठ ओलसर दिसतो. एकदम ब्लर मारणं हा सगळ्यात झटपट उपाय आहे आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. त्याला पापुद्रा आणि रेष यांतला फरक कळत नाही.

झाल्यावर लेअरसमोरचा डोळा बंद-चालू करून आधीचं आणि नंतरचं पाहायचं, तेही फोटो छापायच्या आकाराइतका लहान करून. मोठ्या केलेल्या चित्रात काम कधीच संपत नाही. बदल नजरेत भरत असेल तर लेअरची Opacity ७०-८० टक्क्यांवर उतरवावी. रक्ताची खपली असेल किंवा ओठच फोकसबाहेर असेल, तर उचलायला चांगला पोत मिळत नाही, तिथे दुसरा फोटो निवडावा. आजीच्या वरच्या ओठावरच्या उभ्या सुरकुत्या हा कोरडेपणा नव्हे, त्या या कामात धरू नयेत. आणि पासपोर्टच्या फोटोवर यातलं काहीच करायचं नसतं.

ज्यांचा फोटो निघणार आहे त्यांनी अर्धा तास आधी तूप किंवा व्हॅसलीन लावावं आणि कॅमेऱ्यासमोर जाण्यापूर्वी टिश्यूने हलकेच टिपून घ्यावं. पापुद्रा दातांनी किंवा नखाने सोलू नये. खालची लाल, कच्ची त्वचा उघडी पडते आणि ती झाकणं पापुद्रा काढण्यापेक्षा कठीण असतं. फोटो दुरुस्तीला द्यायचा तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल द्या. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि ज्या रेषा जपायच्या, त्या आधीच पुसट झालेल्या असतात.